कॅशबॅक कमी आला? बँकेला फोन करण्याआधी हा हिशोब मांडा

कार्ड घेताना आपल्या डोक्यात एकच गोष्ट बसलेली असते, "५ टक्के कॅशबॅक". माझंही तसंच होतं. एका महिन्यात दुकानासाठी ३०,००० रुपये कार्डवर खर्च झाले. मी १,५०० धरून बसलो आणि स्टेटमेंटमध्ये जमा दिसले फक्त ४८० रुपये. फोन लावणारच होतो, पण आधी वही घेतली.

पहिलं काम, ऑफरच्या अटी उघडा. माझ्या कार्डवर ऑनलाइन खरेदीला ५ टक्के, दुकानात मशीनवर १ टक्का, पेट्रोल आणि विमा यांवर शून्य. शिवाय एका स्टेटमेंटमागे जास्तीत जास्त १,००० रुपये. तुमच्या कार्डच्या अटी वेगळ्या असतील, त्या तुमच्याच कार्डच्या वाचा.

आता स्टेटमेंटमधल्या प्रत्येक ओळीपुढे टक्का लिहा. माझं असं निघालं:

- पेट्रोल ३,०००: शून्य
- विम्याचा हप्ता ७,०००: शून्य
- होलसेलरकडे मशीनवर ८,०००: ८० रुपये
- ऑनलाइन माल १२,०००, त्यातला २,००० चा माल परत केला. उरले १०,०००: ५०० रुपये

म्हणजे यायला हवे होते ५८०. माल परत गेला की त्याचा कॅशबॅकही जातो, हे बरेच जण विसरतात. १,००० च्या मर्यादेच्या आपण आतच होतो, त्यामुळे तिथे काही कापलं गेलेलं नव्हतं. मग १०० रुपये गेले कुठे?

मी कॅशबॅकचा ओळवार तपशील पाहिला. पॅकिंग पिशव्यांच्या २,५०० च्या ऑर्डरवर १२५ ऐवजी २५ रुपये दिले होते, म्हणजे १ टक्का. ऑर्डर तर ऑनलाइन होती! मग आठवलं, पैसे मी साइटवर भरलेच नव्हते. डिलिव्हरीवाला आला तेव्हा त्याच्या मशीनवर कार्ड स्वाइप केलं होतं. ऑर्डर कुठे दिली हे बँकेला दिसत नाही, पैसे कसे भरले ते दिसतं. चूक माझीच होती. तेव्हापासून मी साइटवरच पैसे भरतो.

पण समजा, तुम्ही साइटवरच पैसे भरलेत आणि तरी १ टक्काच आला, तर तक्रार जरूर करा. "कॅशबॅक कमी आला" असं मोघम लिहू नका. व्यवहाराची तारीख, रक्कम, किती यायला हवा होता, किती आला आणि ऑफरची कोणती अट लागू होते, एवढं लिहा. सोबत ऑर्डरची पावती जोडा. अटी बदलत राहतात, म्हणून मोठी खरेदी करताना त्या दिवशीच्या अटींचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. तोच तुमचा पुरावा.

आणि तारीख बघायला विसरू नका. स्टेटमेंट बंद होण्याच्या आदल्या दिवशी केलेली खरेदी कधीकधी दोन दिवसांनी नोंदवली जाते. तिचा कॅशबॅक पुढच्या स्टेटमेंटमध्ये शोधा.