स्लॅबचा जोड बीमवर नको, मग कुठे?

वीर स्टेशनला उतरून महाडच्या दिशेने निघालात की दिवाळीनंतर कुठे ना कुठे सेंट्रिंग उभं दिसतं. एका दिवसात सगळा स्लॅब ओतून होणार नसेल तर साइटवर उत्तर ठरलेलं असतं: "अर्ध्यात थांबू, बीमच्या कडेला." ऐकायला बरोबर वाटतं. आपल्यालाही वाटतं की मधोमध मोमेंट सर्वाधिक, तर तिथे जोड कशाला?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. स्लॅब 24 मीटर लांब, 12 मीटर रुंद, 150 मिमी जाड. आडवे बीम दर 4 मीटरवर. एकूण भार चौरस मीटरला 10 किलोन्यूटन, त्यातला 4 वापराचा. सोपं व्हावं म्हणून प्रत्येक गाळा साधा टेकलेला धरा. बीमपाशी दर मीटर रुंदीला शिअर 20 किलोन्यूटन येतो. मध्यावर शून्य, आणि वापराचा भार फक्त अर्ध्या गाळ्यावर असला तरी 2.

जुन्या-नव्या काँक्रीटचा जोड घसरण्यात आणि ताणात कमजोर असतो, दाबात नाही. मध्यावर मोमेंट जास्त असला तरी ताण खालच्या सळया घेतात, त्या जोडातून अखंड जातात. वरचं काँक्रीट दाबात असतं. ताणातलं काँक्रीट तर आपण डिझाइनमध्ये मोजतच नाही. म्हणून घाबरायचं ते शिअरला. अमेरिकन संहिता एसीआय 318 सुद्धा गाळ्याच्या मधल्या तिसऱ्या भागातच जोड घ्या म्हणते. त्या भागाच्या कडेला आपला शिअर 6.7 पर्यंत जातो, म्हणून शक्यतो मध्यच धरा.

आता 24 चं अर्धं 12, आणि तिथे नेमका बीम! जोड 10 मीटरवर, म्हणजे 8 ते 12 च्या गाळ्याच्या मध्यावर न्या. बीमचं काँक्रीट धरून (रुंदी 230, स्लॅबखाली 300 मिमी; लांबीच्या दिशेने तीन रांगा) पहिल्या दिवशी साधारण 22.5 घनमीटर, दुसऱ्या दिवशी 31.5. टीम दिवसाला 32 ओतत असेल तर जमतं, नसेल तर 18 मीटरवर आणखी एक जोड. लांबीचे बीमही त्याच रेषेवर, त्यांच्या मध्यावरच कापले जातात.

महाड-पोलादपूरकडे अवकाळी पाऊस काही विचारून येत नाही. म्हणून 2 आणि 6 मीटरवरच्या रेषाही आधीच खुणावून, फळ्या कापून ठेवा. मिक्सर बंद पडला तर मागच्या रेषेपर्यंत ताजं काँक्रीट काढून घ्यायचं. उतार करून सोडलेली पातळ कड सर्वात वाईट. फळी उभीच हवी, सळयांसाठी खाचा पाडलेली. दुसऱ्या दिवशी तारेच्या ब्रशने वरची साय काढून खडी उघडी करा, पृष्ठभाग ओला करा, पण पाणी साचू देऊ नका.

विद्यार्थी हमखास विसरतात ते टेकू. दुसरा भाग ओतून पुरेसा मजबूत होईपर्यंत 8 ते 10 मीटरमधली पट्टी एका बाजूने अधांतरी असते. नुसत्या स्ववजनाने बीमपाशी मीटरला 7.5 किलोन्यूटन-मीटर उलटा मोमेंट येतो. तिथल्या वरच्या सळया त्यासाठी तपासलेल्या नसतील तर त्या गाळ्याचे टेकू काढूच नका.

जोड नीट बसला नसेल तर पहिल्याच पावसात खालून सरळ ओली रेघ दिसते, मग ती पांढरी पडते. बीमला चिकटून तशी रेघ दिसली, तर स्लॅब कुठे थांबवला होता ते कोणाला विचारावं लागत नाही.