मसुदाही त्याचाच, तपासणीही त्याचीच

मॉडेलला वीस-तीस शब्द द्यायचे आणि ते सगळे वापरून एक अर्थपूर्ण परिच्छेद लिहायला सांगायचं. खेळ साधा वाटतो, पण शब्द वाढले की मॉडेल हमखास चार-सहा गाळतं. 2023 मध्ये अमन मदान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सेल्फ-रिफाइन’ नावाची पद्धत मांडली, तेव्हा निवडलेल्या सात कामांपैकी एक हे होतं. पद्धत तीन पायऱ्यांची. आधी मसुदा लिहून घ्यायचा. मग तोच मसुदा त्याच मॉडेलपुढे ठेवून ‘यात काय राहिलं, काय चुकलं ते सांग’ म्हणायचं. शेवटी ती टीका हातात देऊन नवा मसुदा मागायचा. हवं तर हा फेरा पुन्हा. सातही कामांची सरासरी काढली तर निकाल सुमारे वीस टक्क्यांनी सुधारला होता.

त्याच वर्षी गूगल डीपमाइंड आणि इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी हे शब्दांचं काम पुन्हा करून पाहिलं. मूळ निबंधातले आकडे असे होते: पहिल्या मसुद्यात दिलेल्यांपैकी 44 टक्के शब्द, फेऱ्यानंतर 67 टक्के. पण त्यांच्या नजरेला एक गोष्ट खटकली. ‘सगळे शब्द आलेच पाहिजेत’ ही अट टीका करणाऱ्या पायरीला माहीत होती. मसुदा लिहिणाऱ्या पायरीला ती तितकी स्पष्ट सांगितलीच नव्हती. त्यांनी ती अट पहिल्याच सूचनेत ठळकपणे घातली. आता एकाच दमात, कोणतीही तपासणी न करता, 81.8 टक्के शब्द आले. आणि त्यावर स्वतःची टीका करायला लावल्यावर आकडा 75.1 वर घसरला.

म्हणजे फेऱ्याच्या नावावर जमा झालेली सुधारणा प्रत्यक्षात यादीची होती, आणि ती यादी उशिरा दिली गेली होती. आज अनेक कार्यालयांत ‘मॉडेल आधी लिहितं, मग स्वतःच तपासतं’ अशी व्यवस्था बसवलेली असते, तिथे हा प्रयोग आधी करून पाहण्यासारखा आहे. तपासणीची यादी उचलायची, पहिल्या सूचनेत टाकायची आणि फेरा बंद करून पाहायचा. बऱ्याचदा पुढचा खर्च तिथेच वाचतो.

गणितात तर गोष्ट आणखी बिघडते. शाळकरी पातळीची शाब्दिक उदाहरणं असलेल्या जीएसएम8के या संचावर जीपीटी-4 चं पहिलं उत्तर 95.5 टक्के वेळा बरोबर होतं. ‘तुझं उत्तर तपास, चूक शोध’ असं सांगितल्यावर ते 91.5 झालं, दुसऱ्या फेरीनंतर 89. कारण शोधायला लांब जावं लागत नाही. ‘चूक शोध’ म्हटलं की मॉडेलला चूक असल्याचा सुगावा लागल्यासारखं होतं आणि ते बरोबर उत्तरही बदलून बसतं. उलट, चूक खरोखर असते तेव्हा ती ज्या समजुतीतून आली तीच समजूत तपासतानाही कायम असते. सेल्फ-रिफाइनच्या मूळ निबंधातही याची कबुली होती: गणिताच्या बहुतेक उत्तरांवर मॉडेलची टीका ‘सगळं ठीक दिसतंय’ एवढीच होती, आणि त्यामुळे सुधारणा जवळजवळ शून्य.

मग हा फेरा टाकाऊच का? तसं नाही. तपासणाऱ्या पायरीकडे लिहिणाऱ्या पायरीपेक्षा काहीतरी जास्त असलं, तर तो उपयोगी पडतो. मेटाच्या संशोधकांनी वापरलेलं एक उदाहरण यावर चांगला प्रकाश टाकतं. न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या राजकारण्यांची यादी मागितली की मॉडेल हिलरी क्लिंटन आणि मायकेल ब्लूमबर्ग ही नावं सहज घालतं. दोघांची कारकीर्द न्यूयॉर्कशी घट्ट जोडलेली आहे ना! पण ‘हिलरी क्लिंटन यांचा जन्म कुठे झाला?’ एवढाच सुटा प्रश्न विचारला तर तेच मॉडेल शिकागो सांगतं, आणि ब्लूमबर्ग यांच्यासाठी बॉस्टन. माहिती आत होतीच, यादी करण्याच्या ओघात ती वर आली नाही. इथली खुबी अशी की तपासणीचे प्रश्न विचारताना मूळ यादी मॉडेलसमोर ठेवायची नाही. ठेवली तर ते आधीचीच चूक पुन्हा गिरवण्याची शक्यता वाढते.

एक घरगुती काम घेऊ. गृहनिर्माण सोसायटीला पाणीकपातीची सूचना लिहून हवी आहे: शंभर शब्दांच्या आत, तारीख, वेळ आणि पंप दुरुस्तीचं कारण यांसह. मॉडेलनं लिहिलं, ‘येत्या मंगळवारी सकाळी 10 ते दुपारी 4 पाणी येणार नाही.’ यादीत ‘सूचना स्पष्ट आहे का?’ असा प्रश्न असेल तर उत्तर ‘हो’ येणार, हे जवळपास ठरलेलं. त्याऐवजी ‘ज्या वाक्यात तारीख आहे ते जसंच्या तसं उतरव, नसेल तर “नाही” लिही’ असं विचारलं की पितळ उघडं पडतं, कारण वार आहे, तारीख नाही. आणि ‘शंभर शब्दांच्या आत आहे का?’ हे मॉडेलला विचारूच नये. ते मोजत नाही, अंदाज सांगतं. त्यासाठी ही एक ओळ पुरते:

```python
len(notice.split()) <= 100
```

तारीख सापडली नाही तर तेवढंच दुरुस्त करायला सांगावं. ‘सूचना पुन्हा लिही’ म्हटलं तर तारीख येते, पण ‘10 ते 4’ चं ‘दिवसभर’ होऊन बसतं आणि वरून दोन दिलगिरीची वाक्यं वाढतात. जुना आणि नवा मसुदा शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय हे लक्षात येत नाही.

खर्चाचा हिशेबही करून टाकू. मॉडेलचं बिल टोकनवर, म्हणजे मजकुराच्या तुकड्यांवर येतं. मराठी मजकुराचे तुकडे तेवढ्याच आशयाच्या इंग्रजीपेक्षा सहसा जास्त पडतात. समजा सूचना आणि माहिती मिळून 600 टोकन गेले, मसुदा 400 चा आला. तपासताना ते हजार पुन्हा पाठवायचे, 200 ची यादी वर, आणि टीका 300 ची. दुरुस्तीला 600, 400 आणि 300 पुन्हा आत, 400 बाहेर. एका फेऱ्यातच पाठवलेले टोकन 600 वरून 3100 झाले, लिहून घेतलेले 400 वरून 1100. शिवाय पडद्यापुढचा माणूस तीन उत्तरं होईपर्यंत थांबलेला. दुसरा फेरा लावला की हे आणखी वाढतं, सुधारणा मात्र बहुधा पहिल्याच फेरीत होऊन गेलेली असते.

फेरा ठेवायचा की काढायचा, हे ठरवायला सरासरी गुणांपेक्षा साधी मोजणी बरी. रोजच्या कामातले पन्नास नमुने घ्यावेत, माणसानं फेऱ्याआधीचे आणि नंतरचे मसुदे वाचावेत आणि दोन रकाने भरावेत: किती चुका सुधारल्या आणि किती बरोबर गोष्टी बिघडल्या. सरासरी पाहिली तर हे दोन्ही एकमेकांत मिसळून जातं. दुसरा रकाना पहिल्याच्या जवळ आला, तर मॉडेल तपासत नाही, नुसतं बदलतं आहे. आणि दोन्ही रकाने रिकामे राहिले, तर 2500 टोकन ‘सगळं ठीक दिसतंय’ हे ऐकण्यासाठी जात आहेत.