संख्यांचा अक्षरक्रम : जावास्क्रिप्टमधील `sort` आणि संख्यात्मक तुलना

एखाद्या पर्जन्यमापकावर सात दिवसांत अनुक्रमे ८, ११२, ९५, ३०, ९, १०४ व ७ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, असे मानावे. या नोंदींचा मध्यक काढावयाचा आहे. संख्या चढत्या क्रमाने मांडून मधली, म्हणजे येथे चौथी, संख्या उचलणे एवढेच काम आहे आणि ते हाताने करणाऱ्यास ७, ८, ९, ३०, ९५, १०४, ११२ असा क्रम व ३० हा मध्यक क्षणात मिळतो. तेच काम जावास्क्रिप्ट भाषेतील क्रमरचनेच्या तयार आज्ञेवर सोपविले असता पुढील फळ मिळते :

```
const mm = [8, 112, 95, 30, 9, 104, 7];
mm.sort();
// [104, 112, 30, 7, 8, 9, 95]
```

चौथ्या स्थानी येथे ७ आहे. मूळ नोंदींतील सर्वांत लहान संख्या मध्यक म्हणून पुढे येते, आणि ती नोंदींपैकीच एक असल्यामुळे कोणासही खटकत नाही. संगणक कोणतीही चूक झाल्याचे कळवीत नाही, कारण त्याच्या दृष्टीने चूक झालेलीच नसते. विसंगती ध्यानात येते ती दोन टोके शेजारी ठेवून पाहिल्यास. या मांडणीप्रमाणे ‘किमान’ पाऊस १०४ आणि ‘कमाल’ पाऊस ९५ ठरतो.

हा क्रम प्रथमदर्शनी विस्कळीत भासला, तरी तो शब्दकोशाच्या नियमाने अगदी काटेकोर लावलेला आहे. `sort` या आज्ञेस तुलना कशी करावी हे सांगितले नाही, तर ती प्रत्येक घटकाचे आधी अक्षरमालेत, म्हणजे प्रोग्रामर ज्यास स्ट्रिंग म्हणतात त्यात, रूपांतर करते व मग त्या मालांची डावीकडून एकेक चिन्ह घेऊन तुलना करते. तुलना होते ती यूटीएफ-१६ या संकेतपद्धतीत त्या चिन्हास असलेल्या क्रमांकाची. ० ते ९ या रोमन अंकचिन्हांचे क्रमांक तेथे ४८ ते ५७ आहेत. ११२ व ३० यांची तुलना करताना पहिली चिन्हे १ व ३, म्हणजे क्रमांक ४९ व ५१, समोरासमोर येतात आणि निर्णय तेथेच लागतो. ११२ मध्ये पुढे आणखी दोन अंक आहेत याची दखल घेण्याची वेळच येत नाही. ९ व ९५ यांत पहिले चिन्ह समान निघते, तेव्हा जी माला आधी संपते ती आधी, या नियमाने ९ पुढे जातो. एकक, दशक, शतक हे स्थानमूल्य अक्षरमालेस ठाऊक नसते. उणे चिन्हाचा क्रमांक ४५ असल्यामुळे ऋण संख्या धन संख्यांच्या आधी येतात खऱ्या, परंतु आपसात त्यांचा क्रम -१, -१०, -२ असा लागतो. अर्धी बरोबर असलेली ही मांडणी पूर्ण चुकीच्या मांडणीपेक्षा अधिक फसवी होय.

भाषेच्या निर्मात्यांनी असा नियम का स्वीकारला असावा, याचा उलगडा जावास्क्रिप्टमधील ॲरेच्या स्वरूपावरून होतो. १९९५ साली नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी घडविलेल्या या भाषेत एकाच ॲरेत संख्या, शब्द, तर्कमूल्ये व वस्तू शेजारी शेजारी राहू शकतात. अशा मिश्र समुदायातील कोणत्याही दोन घटकांची तुलना करावयाची, तर दोघांस समान असे एखादे रूप हवे. आणि बहुतेक प्रत्येक मूल्यास देता येण्याजोगे रूप अक्षरमालेचेच होते. १९९७ च्या ईसीएमए-२६२ या प्रमाणसंहितेत हा नियम नमूद झाला, व त्यावर विसंबलेली असंख्य पृष्ठे पुढे तयार झाल्यामुळे तो बदलणे अशक्य होऊन बसले. या तर्कास पुष्टी देणारी एक गोष्ट भाषेतच आहे. `Float64Array` यासारख्या ठराविक प्रकारच्या ॲरेत संख्यांवाचून दुसरे काही मावतच नाही, आणि तेथे `sort` कोणतीही सूचना न देता संख्यात्मक क्रमच लावते.

हा दोष दीर्घकाळ दडून राहू शकतो, याचे कारण गणिती आहे. सर्व संख्या धन पूर्णांक असतील व त्यांची अंकसंख्या सारखी असेल, तर अक्षरक्रम व संख्याक्रम तंतोतंत एकच असतात. इसवी सनाची वर्षे चार अंकी असल्यामुळे ती नेहमी बरोबर लागतात. परीक्षेतील गुणांची यादी बत्तीस, सत्तेचाळीस, एकसष्ट अशा दोन अंकी गुणांवर तपासली, तर प्रोग्राम निर्दोष ठरतो; ज्या वर्षी एखाद्यास ९ अथवा १०० गुण मिळतील त्या वर्षी गुणानुक्रम बिघडतो. पावसाच्या नोंदींबाबत तर असे म्हणता येईल, की ज्या आठवड्यात अतिवृष्टी होते, म्हणजे ज्या आठवड्याचा अभ्यास अगत्याने करावयाचा असतो, नेमका तोच बिघडण्याचा संभव अधिक.

उपाय भाषेतच योजिलेला आहे. `sort` आज्ञेस एक तुलनेचे फंक्शन देता येते. त्यास दोन घटक मिळतात. पहिला आधी यावयाचा असेल तर त्याने ऋण संख्या, नंतर यावयाचा असेल तर धन संख्या, आणि दोघांचा क्रम समान मानावयाचा असेल तर शून्य परत करावे, असा करार आहे. संख्यांसाठी वजाबाकी हा करार आपोआप पाळते :

```
mm.sort((a, b) => a - b);
// [7, 8, 9, 30, 95, 104, 112]
```

११२ मधून ३० वजा केल्यास ८२ उरतात, ही संख्या धन आहे, म्हणून ११२ नंतर येतो. उतरता क्रम हवा असल्यास `b - a` लिहावे. सी भाषेच्या सरावातील वाचकास येथे शंका येईल, की दोन मोठ्या पूर्णांकांची वजाबाकी मर्यादेबाहेर जाऊन चिन्ह उलटणार नाही काय. सी भाषेत ही भीती रास्त आहे. जावास्क्रिप्टमधील सामान्य संख्या मात्र ६४ बिटांच्या चलबिंदू स्वरूपात असतात. त्यांच्यात असे उलटणे घडत नाही.

या फंक्शनच्या लेखनात एक चूक वारंवार आढळते आणि तिचा इतिहास बोधक आहे. ‘पहिला दुसऱ्याहून मोठा आहे काय’ एवढाच प्रश्न विचारणारे फंक्शन लिहिले जाते :

```
mm.sort((a, b) => a > b);   // सदोष
```

याचे उत्तर खरे अथवा खोटे, म्हणजे संख्येच्या रूपात १ अथवा ० येते. ऋण उत्तर कधीच येत नाही. पहिला लहान असो वा दोन्ही समान असोत, फंक्शन शून्यच सांगते, आणि कराराप्रमाणे शून्याचा अर्थ ‘समान’ असा होतो. तरीही असे प्रोग्राम वर्षानुवर्षे चालले. क्रोम ब्राउझरमध्ये वापरले जाणारे व्ही८ हे इंजिन १० अथवा त्याहून कमी घटकांचे ॲरे पूर्वी निवेशन पद्धतीने लावीत असे, आणि तीत ‘उत्तर धन आहे काय’ एवढीच विचारणा होई. ऋण उत्तराचा अभाव तेथे बाधत नव्हता. २०१८ साली या इंजिनाने टिमसॉर्ट ही पद्धत स्वीकारली. ती आरंभी आधीच लागलेला क्रम शोधते, आणि त्यासाठी ‘उत्तर ऋण आहे काय’ असे विचारते. ऋण उत्तर एकदाही न मिळाल्यामुळे संपूर्ण ॲरे आधीच चढत्या क्रमात आहे असा तिचा ग्रह होतो व मूळ क्रम जसाच्या तसा परत येतो. अनेकांनी त्या वेळी इंजिनास दोष दिला. वस्तुतः करार मोडला होता तो फंक्शनने. इंजिनाने केवळ त्या चुकीस पाठीशी घालणे थांबविले.

वजाबाकीचे फंक्शनही बिनशर्त सुरक्षित नाही. ज्यास संख्येचे रूप देता येत नाही अशा मूल्याच्या जागी जावास्क्रिप्ट `NaN` हे मूल्य ठेवते. वजाबाकीत ते कोठेही आले की उत्तर `NaN` येते, आणि प्रमाणसंहितेप्रमाणे `sort` त्याचा अर्थ शून्य असा घेते. परिणामी ते मूल्य सर्वांशी ‘समान’ ठरते : ३ त्याच्या बरोबरीचा, १ त्याच्या बरोबरीचा, परंतु ३ व १ आपसात असमान. अशा विसंगत तुलनेतून कोणताही निश्चित क्रम निष्पन्न होऊ शकत नाही. व्ही८ मध्ये `[3, NaN, 1]` हा ॲरे वजाबाकीचे फंक्शन देऊनही तसाच राहतो, कारण मधले मूल्य भिंतीसारखे उभे राहून ३ व १ यांची गाठच पडू देत नाही.

असे मूल्य शिरते ते बहुधा धारिका वाचताना. मराठी नोंदवहीवरून देवनागरी अंकांत टंकलेली नोंद असेल, तर `Number("१०४")` याचे उत्तर `NaN` येते. जावास्क्रिप्टला संख्या म्हणून केवळ रोमन अंकचिन्हे वाचता येतात. हजाराचा स्वल्पविराम राहून गेल्यासही तेच घडते. याहून धोकादायक आहे ती रिकामी जागा. `Number("")` याचे उत्तर शून्य असते. ज्या दिवशी नोंद घेतलीच गेली नाही तो दिवस त्यामुळे कोरडा दिवस म्हणून गणला जातो, आणि क्रमरचना कितीही अचूक केली तरी मध्यक खाली ओढला जातो. म्हणून क्रम लावण्यापूर्वी रिकाम्या नोंदी अक्षररूपात असतानाच वेगळ्या काढाव्यात, उरलेल्यांस संख्येचे रूप द्यावे, व मग गाळणी लावावी :

```
const n = raw.filter(s => s.trim() !== "")
             .map(Number)
             .filter(Number.isFinite);
n.sort((a, b) => a - b);
```

गाळून किती नोंदी वगळल्या गेल्या ते मात्र मोजून ठेवावे. शंभरांपैकी नव्वद नोंदी देवनागरी अंकांमुळे गळाल्या असतील, तर उरलेल्या दहांचा मध्यक बिनचूक असूनही निरुपयोगी होय.

शेवटी एक लहानशी बाब. `sort` मूळ ॲरेतच फेरबदल करते. पावसाच्या संख्या एका ॲरेत आणि त्यांचे दिनांक दुसऱ्या ॲरेत ठेवले असतील, तर मध्यक काढण्यासाठी पहिला ॲरे लावताच दिनांक व पाऊस यांची जोडी तुटते, आणि पुढे काढलेला आलेख दिसावयास सुबक परंतु खोटा निघतो. २०२३ च्या प्रमाणसंहितेत यासाठी `toSorted` ही आज्ञा आली आहे. ती मूळ ॲरेस हात न लावता लावलेली प्रत देते. जुन्या इंजिनांवर `mm.slice().sort((a, b) => a - b)` असे लिहून तेच साधता येते. तुलनेचे फंक्शन मात्र `toSorted` लाही द्यावेच लागते. ते न दिल्यास तीही संख्यांचा अक्षरक्रमच लावते.