इफ्तार कधी, कुठं? गटातल्या मतदानाची गोष्ट

ईद कधी, यावर मतदान होत नाही. रमजानचे दिवस एकोणतीस होणार की तीस, ते चाँद ठरवतो. पण दोस्तांची इफ्तार कधी आणि कुठं, हे माणसांनाच ठरवावं लागतं. पूर्वी त्यासाठी चार जणांना फोन लागायचे. आता कुणीतरी व्हॉट्सॲपच्या गटात मतदान टाकतं, आणि दोन दिवसांनी तिथंच रुसवाफुगवी सुरू होते. दोष बहुतेक वेळा माणसांचा नसतो, विचारलेल्या प्रश्नाचा असतो.

समजा, कॉलेजच्या जुन्या दोस्तांचा चोवीस जणांचा गट आहे. निम्मे सातारकडचे, काही सांगलीचे, चारपाच कराडच्या आसपासचे. त्यात रोजेदार आहेत, तसे दरवर्षी न चुकता इफ्तारला येणारे हिंदू मित्रही आहेत. एकाने मतदान टाकलं: ‘इफ्तार कधी ठेवूया?’ पर्याय तीन, शुक्रवार, शनिवार, रविवार, आणि प्रत्येकाला एकच मत. शनिवारला ९, रविवारला ७, शुक्रवारला ६, दोघे गप्प. शनिवार जिंकला, असं जाहीर झालं. पण चोवीसपैकी पंधरा जणांनी शनिवार निवडलेलाच नव्हता. त्यांतल्या किती जणांना शनिवारी यायला जमेल, हे त्या मतदानातून कळतच नाही.

एकच मत दिलं की माणूस आवडता दिवस सांगतो. दावत ठेवणाऱ्याला हवं असतं ते वेगळंच: कोणत्या दिवशी जास्तीत जास्त माणसं येऊ शकतील? म्हणून मतदान तयार करताना ‘Allow multiple answers’ हे बटण चालू ठेवावं आणि प्रश्नही बदलावा: ‘ज्या ज्या दिवशी येणं जमेल, त्या सगळ्यांवर खूण करा.’ पर्यायात नुसता वार किंवा ‘सतरावा रोजा’ लिहू नये. रोज्यांची मोजणी सगळ्यांना ठाऊक नसते, आणि नुसता शनिवार म्हटलं तर हा की पुढचा, असा घोळ होतो. ‘शनिवार, ७ मार्च’ असं पूर्ण लिहावं. शेवटी एक पर्याय आणखी: ‘यांपैकी एकाही दिवशी जमणार नाही.’ म्हणजे नकार देणारा कोण आणि ज्याने पाहिलंच नाही तो कोण, हे वेगळं कळतं. न पाहिलेल्याला फोन करता येतो.

आता त्याच गटाला असं विचारलं. शुक्रवारला ८, शनिवारला १३, रविवारला १८, दोघांना जमणार नाही, एक जण गप्प. चित्र पालटलं. महिन्यातला पहिला शनिवार, म्हणजे बँका चालू, तिथं नोकरी करणाऱ्यांना वेळेवर निघता येणार नाही. ज्यांनी आधी शनिवार मागितला होता, त्यांतल्या बऱ्याच जणांना रविवारही चालत होता. दुसऱ्या दिवशी सुट्टी असते, म्हणून शनिवार बरा वाटला होता इतकंच.

खरी कसोटी पुढं असते, कारण दिलेलं मत बदलता येतं. खुणेवर पुन्हा बोट ठेवलं की मत निघून जातं, दुसऱ्या पर्यायावर ठेवलं की तिकडं पडतं. ही सोय चांगली आहे. कुणाच्या घरी पाहुणे येतात, कुणाच्या मुलाची दहावीची परीक्षा त्याच सुमारास असते. पण आकडा हलता राहिला, तर देगीचं सामान कधी भरायचं? म्हणून शेवटची वेळ प्रश्नातच लिहावी: ‘बुधवारी रात्री दहापर्यंत मत बदलता येईल.’ दहा वाजता ‘View votes’ उघडून कुणी काय निवडलं त्याचा स्क्रीनशॉट घ्यावा आणि गटात टाकावा. मग ठरलं ते त्या चित्रातलं. नंतर खुणेला हात लावायचा नाही, अडचण आली तर सांगायची.

आपल्या गटात बुधवारी रात्री रविवार ठरला, बावर्चीला सांगितलंही. शुक्रवारी दुपारी सांगलीच्या चौघांनी रविवारची खूण काढली, त्यांतल्या दोघांनी शनिवारवर केली. रविवार १४, शनिवार १५. लगेच कुणीतरी लिहिलं, ‘आता शनिवार पुढं आहे.’ इथं पुन्हा मोजायला बसू नये. आधी कारण विचारावं. विचारलं तेव्हा कळलं, चौघंही एकाच गाडीतून येणार होते आणि गाडीवाल्याला रविवारी काम निघालं. अडचण दिवसाची नव्हती, गाडीची होती. इस्लामपूरहून निघणाऱ्या एकाच्या गाडीत जागा होती. चारही खुणा परत आल्या.

जागेचं मतदान दिवसाच्या मतदानात मिसळू नये. तीन दिवस आणि तीन जागा मिळून नऊ पर्याय होतात आणि मतं विखुरतात. आधी दिवस, मग त्या दिवशी येणाऱ्यांनाच जागा विचारावी. रविवारी येणाऱ्या अठरांपैकी ८ सातारकडचे, ६ सांगलीचे, ४ कराडचे. एकेक मत घेतलं तर प्रत्येक जण आपलं गाव निवडणार आणि सातारा ८ मतांनी जिंकणार. पण सांगली ते सातारा सुमारे १२० किलोमीटर. मार्चच्या सुरुवातीला सूर्य पावणेसातच्या आसपास मावळतो, म्हणजे सांगलीकरांना दुपारीच निघावं लागेल, आणि तरावीहसाठी परतणं अशक्य. कराड साताऱ्याहून सुमारे ५० आणि सांगलीहून सुमारे ७० किलोमीटर. सगळ्यांच्या प्रवासाची बेरीज केली तर कराड आणि साताऱ्यात फार मोठा फरक पडत नाही. फरक पडतो तो सर्वांत लांबून येणाऱ्याला. ‘कुठं कुठं वेळेवर पोहोचणं जमेल?’ असं विचारलं तेव्हा कराडला १६, साताऱ्याला १०, सांगलीला ९ मतं पडली. राहिलेल्या दोघांना कुणाच्या गाडीत घ्यायचं, एवढाच प्रश्न उरला.

मतदानाला मर्यादाही आहेत. खूण माणसाची असते, ताटाची नव्हे. भाभी आणि मुलं येणार का, हे वेगळं विचारावं लागतं. व्हॉट्सॲपच्या गटात कुणी कुठं मत दिलं ते सगळ्यांना दिसतं, त्यामुळे वडीलधाऱ्याने आधी खूण केली की धाकटे तिकडंच वळतात. मतदान टाकणाऱ्याने आपली खूण शेवटी करावी. आणि काही तारखा मोजून ठरवायच्याच नसतात. २८ सप्टेंबर २०२३ ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली, तेव्हा राज्यात अनेक ठिकाणी मुस्लिम समाजाने जुलूस दुसऱ्या दिवशी काढला आणि सरकारने ईदची सुट्टीही २९ तारखेला दिली. तो प्रश्न किती हात वर होतात याचा नव्हता. दुसऱ्याची अडचण ओळखून एकाने आपली तारीख हलवली.

इफ्तारच्या गटातही सांगलीच्या चौघांना कुणीतरी फोन करून ‘का?’ विचारलं, म्हणून रविवार टिकला. खूण का निघाली, हे आकडा सांगत नाही.