ठरलेला हप्ता, बदलती किंमत : सरासरी खरेदी किमतीचा हिशेब

दर महिन्याला पगारातून ठराविक रक्कम म्युच्युअल फंडाच्या युनिटमध्ये गुंतविण्याची पद्धत आता तालुक्याच्या गावीही रूढ झाली आहे. ‘एस.आय.पी.’ या आद्याक्षरांनी ती ओळखली जाते. युनिट ही कल्पना मात्र नवी नाही. १९६४ साली युनिट ट्रस्ट ऑफ इंडियाने आपले पहिले युनिट १० रुपये किमतीने विक्रीस काढले होते. त्या योजनेत खरेदी-विक्रीची किंमत ट्रस्ट स्वतः जाहीर करीत असे. आजच्या फंडांत युनिटची किंमत, म्हणजेच निव्वळ मालमत्ता मूल्य, कामकाजाच्या प्रत्येक दिवशी नव्याने काढले जाते. त्यामुळे दरमहा खरेदी करणाऱ्याला प्रत्येक वेळी निराळी किंमत पडते, आणि ‘आपल्याला युनिट सरासरी केवढ्याला पडले?’ हा प्रश्न उभा राहतो. प्रश्न साधा दिसतो. पण त्याचे उत्तर काढताना हिशेबात मुरलेली माणसेही चुकतात.

चूक कोठे होते ते बाजारातील कांद्यावरून लवकर ध्यानात येईल. एका आठवडी बाजारात कांदा २० रुपये किलो आहे व पुढच्या बाजारात तो ४० रुपये झाला असे समजू. एक गृहिणी दर बाजारी एक किलो कांदा घेते. तिला दोन किलोसाठी ६० रुपये, म्हणजे किलोमागे ३० रुपये पडले. दुसरी गृहिणी दर बाजारी ४० रुपयांचा कांदा घेते. तिला पहिल्या बाजारात दोन किलो व दुसऱ्या बाजारात एक किलो, असा ८० रुपयांत तीन किलो कांदा मिळाला. तिला पडलेला भाव २६ रुपये ६७ पैसे होय. बाजार तेच, भावही तेच. फरक पडला तो केवळ एकीने वजन ठरविले व दुसरीने पैसे ठरविले म्हणून. जिने पैसे ठरविले तिच्या पिशवीत स्वस्त कांदा आपोआपच अधिक गेला.

हीच गोष्ट युनिटच्या बाबतीत घडते. नाशिक जिल्ह्यातील एक प्राथमिक शिक्षक मुलीच्या महाविद्यालयीन प्रवेशासाठी दरमहा २,००० रुपये एका फंडात गुंतवितात असे धरू. सहा महिन्यांत युनिटची किंमत अनुक्रमे ५०, ४०, ३२, २५, ४० व ५० रुपये होती. हे चढउतार प्रत्यक्षात सहसा आढळतात त्याहून मोठे आहेत. हिशेब स्पष्ट दिसावा म्हणून ते मुद्दाम तसे घेतले आहेत. शिक्षकांना त्या त्या महिन्यात ४०, ५०, ६२.५, ८०, ५० व ४० युनिटे मिळाली. एकूण गुंतवणूक १२,००० रुपये, एकूण युनिटे ३२२.५. पहिल्या संख्येस दुसरीने भागले असता सरासरी खरेदी किंमत सुमारे ३७ रुपये २१ पैसे येते.

पुष्कळ जण मात्र सहा किमतींची बेरीज करून तिला सहाने भागतात. ती बेरीज २३७ व उत्तर ३९ रुपये ५० पैसे. हे उत्तर त्या सहा दिवसांच्या किमतींची सरासरी म्हणून बरोबर आहे, पण शिक्षकांना पडलेली किंमत म्हणून ते चूक आहे. दरमहा सारखीच युनिटे घेतली असती तरच ते लागू पडले असते. येथे २५ रुपयांची ८० युनिटे आहेत आणि ५० रुपयांची दोन वेळची मिळूनही ८०च आहेत. तेव्हा दर युनिटामागची सरासरी खालच्या किमतीकडे झुकणे क्रमप्राप्तच आहे. गणितात या सरासरीला हरात्मक मध्य म्हणतात. जाताना ताशी ४० व त्याच रस्त्याने येताना ताशी ६० किलोमीटर वेगाने गेलेल्या मोटारीचा सरासरी वेग ५० नसून ४८ असतो, हे उदाहरण शिक्षकवर्गाच्या परिचयाचे आहे. तेथे अंतर ठरलेले असते, येथे रक्कम ठरलेली असते, रीत एकच.

रक्कम कायम असेल व किमती बदलत असतील, तर ही सरासरी किमतींच्या साध्या सरासरीपेक्षा नेहमी कमीच येते. किती कमी, हे चढउतारांवर अवलंबून असते. दोनच महिने घेतले व किमती ९८ आणि १०२ असतील, तर साधी सरासरी १०० व पडलेली किंमत ९९ रुपये ९६ पैसे. फरक अवघा ४ पैशांचा. किमती ५० आणि १५० असतील, तर साधी सरासरी तीच १००, परंतु पडलेली किंमत ७५ रुपये. ज्या फंडाची किंमत संथपणे चालते त्यात या पद्धतीचा हा विशेष जवळजवळ दिसतच नाही.

हातातील खातेउताऱ्यावरून हा हिशेब पडताळता येतो. मात्र आकडे नेमके जुळत नाहीत म्हणून गोंधळून जाऊ नये. १ जुलै २०२० पासून युनिटांच्या खरेदीवर ०.००५ टक्के मुद्रांक शुल्क आकारले जाते. २,००० रुपयांवर ते १० पैसे होते. म्हणून ५० रुपयांच्या किमतीला ४० ऐवजी ३९.९९८ युनिटे जमा झालेली दिसतील. तसेच बँकेतून रक्कम वजा झाली त्या दिवसाची किंमत लागू होईलच असे नाही. फंडाच्या खात्यात ती रक्कम ज्या दिवशी ठरलेल्या वेळेपूर्वी वापरण्यास उपलब्ध होते, त्या दिवसाची किंमत धरली जाते.

आता खरा प्रश्न. ३७ रुपये २१ पैसे ही किंमत ३९ रुपये ५० पैशांपेक्षा कमी आहे, म्हणजे शिक्षकांना फायदा झाला काय? तसे म्हणता येत नाही. या आकड्याचा अर्थ एवढाच की, युनिटची किंमत ३७ रुपये २१ पैशांच्या वर असेल तोवर गुंतविलेली रक्कम सुटते. किंमत ३८ रुपये असती तरी ३२२.५ युनिटांचे १२,२५५ रुपये झाले असते. प्रत्यक्षात सहाव्या महिन्यात ती ५० रुपये होती. त्यामुळे प्रवेशाच्या वेळी हाती १६,१२५ रुपये आले.

परंतु याच सहा किमती वेगळ्या क्रमाने आल्या असत्या तर? ४०, ५०, ५०, ४०, ३२ व २५ असा क्रम धरू. युनिटे तेवढीच, ३२२.५. सरासरी खरेदी किंमतही तीच, ३७ रुपये २१ पैसे. एका पैशाचाही फरक नाही. पण प्रवेशाची फी भरण्याच्या दिवशी युनिटची किंमत २५ रुपये आहे, आणि १२,००० रुपयांचे ८,०६२ रुपये ५० पैसे झाले आहेत. सरासरी कमी राखल्याने हा तोटा टळला नाही, टळणारही नव्हता. किंमत शेवटी कोठे असेल यावर सरासरीचा काहीही अधिकार चालत नाही. या पद्धतीची माहिती देणारे पुष्कळसे तक्ते पहिल्याच क्रमाचे, म्हणजे आधी घसरण व मग चढ अशा घाटाचे असतात, हे वाचकांनी ध्यानात ठेवलेले बरे.

किंमत सतत चढतच गेली असती तर चित्र आणखी निराळे दिसले असते. २५ रुपयांच्या दिवशी कोणापाशी पूर्ण १२,००० रुपये असते व त्याने ते एकदम गुंतविले असते, तर त्याला ४८० युनिटे मिळाली असती. उलट ५० रुपयांच्या दिवशी एकदम गुंतविणाऱ्याला २४०च मिळाली असती. अर्थात पगारदार शिक्षकांपुढे ही निवड बहुधा नसतेच. त्यांच्या हाती पैसा दरमहाच येतो.

सरासरी बिघडते ती बहुधा चौथ्या महिन्यासारख्या वेळी. किंमत ५० वरून २५ वर आलेली पाहून हप्ता थांबविण्याचा मोह होतो. कधी बँकेत शिल्लक नसल्याने हप्ता आपोआप परत जातो, व बँक त्याबद्दल आकारही लावते. तेवढा एक हप्ता चुकला असे धरले, तर गुंतवणूक १०,००० रुपये व युनिटे २४२.५ उरतात. सरासरी किंमत ४१ रुपये २४ पैशांवर जाते. एका हप्त्याने ती चार रुपयांनी वाढली, कारण नेमका तोच हप्ता सर्वांत अधिक युनिटे आणणारा होता.

मात्र हा परिणाम सदैव एवढाच मोठा राहतो असे नाही, आणि ही बाब फारशी सांगितली जात नाही. त्याच शिक्षकांनी दहा वर्षे हप्ते भरले, २,४०,००० रुपये गुंतविले व ६,००० युनिटे जमविली असे समजू. सरासरी ४० रुपये झाली. पुढच्या महिन्यात किंमत २५ वर घसरली. नव्या हप्त्याने ८० युनिटे मिळतील, पण सरासरी ४० वरून ३९ रुपये ८० पैशांवरच येईल. साठलेल्या ६,०८० युनिटांचे मोल मात्र १,५२,००० रुपये झालेले असेल. प्रारंभी प्रत्येक हप्ता सरासरीला खाली ओढू शकतो; साठा मोठा झाल्यावर नवा हप्ता विहिरीत टाकलेल्या घागरीएवढा ठरतो. म्हणून ‘किंमत पडली तरी सरासरी होईल’ हे आश्वासन पहिल्या वर्षी जितके खरे असते तितके दहाव्या वर्षी नसते. ज्याला ठराविक तारखेला पैसे लागणार आहेत, त्याला तारीख जवळ आली की साठलेली युनिटे टप्प्याटप्प्याने कमी चढउताराच्या ठेवीत नेण्याचा विचार करावा लागतो तो यामुळेच.

शेवटी विक्रीच्या वेळचा एक तपशील. पहिल्या उदाहरणातील शिक्षकांनी ३२२.५ पैकी १०० युनिटे विकली, तर प्राप्तिकरासाठी त्यांची खरेदी किंमत ३७ रुपये २१ पैसे या दराने ३,७२१ रुपये धरली जात नाही. जी युनिटे आधी घेतली तीच आधी विकली असे मानण्यात येते. म्हणजे पहिल्या महिन्याची ४०, दुसऱ्याची ५० व तिसऱ्याची १०. त्यांची किंमत अनुक्रमे २,०००, २,००० व ३२० अशी एकूण ४,३२० रुपये होते. प्रत्येक हप्त्याची धारणमुदतही त्या त्या हप्त्याच्या तारखेपासून स्वतंत्रपणे मोजली जाते. सबब खातेउताऱ्यावर छापलेली सरासरी पाहून विवरणपत्र भरू नये. प्रत्येक महिन्याची युनिटे, किंमत व तारीख दाखविणारा संपूर्ण उतारा जपून ठेवावा.