डिपॉझिट कापलं? पत्र असं लिहा

समजा, पुण्यातला फ्लॅट सोडला. डिपॉझिट ६०,००० रुपये. मालकांनी २५,००० कापले. रंगकाम १८,०००, गिझर ४,५००, किचन ट्रॉली २,५००. पुराव्यादाखल व्हॉट्सअॅपवर कोटेशनचे स्क्रीनशॉट आले.

पत्रात आधी मान्य असलेलं लिहा. ट्रॉली तुमच्याकडून तुटली असेल तर ते २,५०० मान्य करा. बाकीच्या हरकतींना त्याने वजन येतं. मग रंग. कोटेशन तीन खोल्यांचं, तुमच्या फोटोंत डाग एकाच खोलीत. त्या खोलीचे कोटेशनमधलेच ५,००० मान्य, उरलेले १३,००० अमान्य. मात्र करारात रंगाची रक्कम आधीच ठरलेली असेल, तर हा मुद्दा टिकणं कठीण. गिझरची कॉइल खाऱ्या पाण्याने गेली असेल, तर ती वापरातली झीज. शिवाय कोटेशन म्हणजे झालेला खर्च नव्हे, बिल मागा. एकूण मागणी १७,५०० रुपये.

प्रत्येक हरकतीपुढे फोटोचा आणि स्क्रीनशॉटचा क्रमांक द्या. स्क्रीनशॉटमध्ये पाठवणाऱ्याचं नाव, तारीख दिसू द्या. नुसता आकडा कापून लावू नका. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला की त्यातली तारीख-वेळेची मूळ नोंद निघून जाते, म्हणून मूळ फाइल ईमेलने पाठवा आणि फोनमधून पुसू नका.

पत्रात १५ दिवसांची मुदत आणि बँक खात्याचा तपशील लिहा, ते स्पीड पोस्टने पाठवा, पावती जपा. पैसे वसुलीचा दावा लावायला साधारणपणे ३ वर्षांची मुदत असते.