बाबा, ती ड्राइव्ह आता संगणकाला लावू नका

तीर्थरूप बाबांस,

काल फोनवर तुम्ही ड्राइव्ह कानाशी धरून मला तिचा आवाज ऐकवलात. टक्, टक्, मग थोडा वेळ शांत, पुन्हा टक्. त्या आवाजावरूनच बिघाड कुठे असावा, ते बरंचसं कळलं.

त्या डबीत एक चकचकीत तबकडी असते आणि ती मिनिटाला साधारण ५,४०० वेळा फिरते. तिच्यावरच्या चुंबकीय थरात आपले फोटो साठवलेले असतात. ते वाचणारं बारीक हेड आपल्या रेकॉर्ड प्लेअरच्या सुईसारखं तबकडीवर टेकत नाही, तर केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंतरावर तरंगतं. सुरू होताना ते तबकडीवरच्या खुणा शोधतं. हेड निकामी झालं की खुणा सापडत नाहीत, ते मागे जातं आणि पुन्हा शोधायला येतं. तो टक् आवाज बहुधा याच येरझारांचा आहे. म्हणजे फोटो अजून जागेवर असू शकतात, पण बिघडलेलं हेड तबकडीला घासलं तर तो थर खरवडला जातो, आणि तेवढा भाग कोणालाच परत आणता येत नाही. म्हणून पुन्हा लावून बघण्याचा मोह आवरा.

पडद्यावर 'फॉरमॅट करा' असं आलं होतं म्हणालात. ते केलं नाहीत, फार बरं झालं. शेजारचा मुलगा म्हणतो तसं रिकव्हरी सॉफ्टवेअरही नको. ड्राइव्ह आवाज न करता नीट फिरत असती आणि फक्त फोल्डर उघडत नसते, तर त्याचा उपयोग झाला असता. इथे ते दुखऱ्या हेडला तासन्‌तास राबवेल. फ्रीजमध्ये ठेवण्याचा उपाय तर मुळीच करू नका, आत दव धरतं.

मी रविवारी येऊन ड्राइव्ह डेटा रिकव्हरी लॅबमध्ये नेईन. तिथे धूळविरहित खोलीत डबी उघडतात, त्याच मॉडेलच्या दुसऱ्या ड्राइव्हचं हेड बसवतात आणि सगळ्यात आधी तबकडीची प्रत नव्या डिस्कवर उतरवतात. खर्च बराच येतो, त्यामुळे तपासणीनंतर आकडा आणि परत मिळू शकणाऱ्या फायलींची यादी मागू. हमी कोणीच देत नाही.

बदललेलं हेडही काम अर्धवट असताना दगा देऊ शकतं. म्हणून कोणते फोल्डर आधी हवेत ते लॅबला सांगून ठेवावं लागेल. ते तुम्हीच ठरवा. माझ्या मते आईचे फोटो पहिले, कारण त्यांची दुसरी प्रत कुठेच नाही. ताईच्या लग्नाचे तिच्या पेन ड्राइव्हवर आहेत, बारशाचे काकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले सापडतील, जरा लहान आकारातले का होईना. फोल्डरांची नावं आठवतील तशी वहीत लिहून ठेवा, आणि कॅमेऱ्याची जुनी मेमरी कार्डं सापडली तर त्यांवर नवे फोटो काढू नका. पुसलेले फोटोही त्यांत शिल्लक असू शकतात.

तुमची,
धाकटी